२० च्या जागी १०० टाकलं तर काय होतं

हे नाशिकरोड, जेल रोडवरचं माझ्या मावशीचं रो-हाऊस. राऊटर खाली हॉलमध्ये, टीव्हीच्या मागे, आणि काकांना नेट हवं वरच्या खोलीत. जुन्या राऊटरमध्ये ट्रान्समिट पॉवर मिलीवॅटमध्ये टाकायची होती, तिथे १०० होतं, म्हणून नवीन आल्यावर काकांनी तोच आकडा टाकला, पण हा मागत होता डीबीएम, म्हणजे तीच पॉवर वेगळ्या मापात. लाल एरर आली, आणि बरं झालं आली.

हिशोब असा आहे बघा:

```
mW = 10^(dBm/10)
```

आकड्याला आधी १० ने भागायचं, मग येईल तितका दहाचा घात. १०० डीबीएम म्हणजे दहाचा दहावा घात, इतके मिलीवॅट, म्हणजे १ कोटी वॅट. १० मेगावॅट! शेजारी एकलहऱ्याच्या वीज केंद्रातला एक संच २१० मेगावॅटचा, त्यावर असे एकवीसच राऊटर चालले असते.

काकांना हवे होते १०० मिलीवॅट, म्हणजे २० डीबीएम. कॅल्क्युलेटर नसला तरी चालतं, शून्य डीबीएम म्हणजे १ मिलीवॅट एवढं धरायचं, दर १० ला दहापट आणि दर ३ ला जवळपास दुप्पट. म्हणून १७ म्हणजे ५०, आणि २३ म्हणजे २००, नेमकं काढलं तर १९९.५.

काकांनी लगेच २३ केलं. "अरे तीनच तर वाढवले!"

तीन नाही काका, डबल केलंत. पण डबल पॉवरने मोकळ्या मैदानातसुद्धा अंतर जेमतेम १.४ पट वाढतं, आणि इथे मध्ये स्लॅब, तो तुम्ही वाढवलेल्या ३ डीबीपेक्षा बरंच जास्त खातो.

गंमत म्हणजे वर सिग्नलच्या कांड्या वाढल्या तरी व्हिडिओ कॉलवर काकांचा आवाज समोरच्याला तुटतच होता, कारण मोबाईलला पण राऊटरपर्यंत ओरडावं लागतं ना, आणि त्याची पॉवर साधारण १५ डीबीएम धरली तर ३२ मिलीवॅटच होते, ती राऊटरच्या सेटिंगने वाढत नाही. स्पीड टेस्टमध्ये डाउनलोड चांगला आणि अपलोड रडतोय असं दिसलं की हा संशय घ्यायचा.

शेवटी पॉवर परत २० केली आणि राऊटर टीव्हीमागून काढून जिन्याच्या वळणावर टांगला. आधी २० वरच असताना वर मोबाईलमध्ये राऊटरचा पोचणारा सिग्नल उणे ७८ डीबीएम दिसत होता, आता उणे ६६. फरक १२ चा. काका बोटं मोडत बसले, तीन, सहा, नऊ, बारा… दोन, चार, आठ...

"सोळापट? नुसता खिळा ठोकून?"