चिप रुसली की पट्टीचं दार उघडतं

[दृश्य: बँकेच्या कार्डाची मागची काळी पट्टी. तिच्यावर लोखंडाची बारीक पूड भुरभुरवली जाते.]

कार्ड हलकेच झटकलं आणि पट्टीवर या उभ्या रेघा उरल्या. कुठे दाट, कुठे विरळ. कार्डाचा नंबर इथे चुंबकाने लिहिलेला आहे. वाचायला ना पासवर्ड लागतो, ना किल्ली. पट्टी वाचणाऱ्या यंत्रातून कार्ड एकदा घासलं की झालं.

[दृश्य: संगणकाचा पडदा. चाचणीच्या कार्डावरची एक ओळ.]

```
;4111111111111111=30122010000012300000?
```

आधी सोळा आकडी नंबर. बरोबरच्या चिन्हानंतर 3012, म्हणजे 2030 सालच्या डिसेंबरपर्यंत मुदत. त्यापुढचे तीन आकडे नीट पाहून ठेवा, 201. त्यांना सर्व्हिस कोड म्हणतात. सुरुवातीचा 2 स्वाइप मशीनला सांगतो, की या कार्डाला चिप आहे. आणखी पुढे 123 दिसतो, तो पडताळणीचा आकडा. कार्डाच्या मागे छापलेला तीन आकडी नंबर वेगळा, हा फक्त पट्टीत असतो.

आज घासा, उद्या घासा, ओळ हीच येणार. ती एकदा टिपून कोऱ्या कार्डावर उतरवली, तर बँकेला येणाऱ्या आकड्यांत अस्सल आणि नक्कल यांत काडीचाही फरक नसतो.

[दृश्य: कार्ड मशीनच्या खाचेत जातं. चिपचे सोनेरी भाग अगदी जवळून.]

चिपचं काम निराळं. मशीन तिला रक्कम, तारीख आणि त्याच क्षणी निवडलेला एक यादृच्छिक आकडा देतं. चिप त्यात आपल्या व्यवहार-मोजणीचा आकडा मिसळते आणि आतल्या गुप्त किल्लीने आठ बाइटची एक सही तयार करते. बँक आपल्याकडच्या किल्लीने तोच हिशेब करते आणि दोन्ही सह्या जुळवून पाहते. किल्ली चिपच्या बाहेर येतच नाही. पुढच्या व्यवहाराला मोजणी एकने वाढलेली असते आणि सहीही बदललेली. चोराने हा सगळा संवाद टिपला तरी ती सही पुन्हा चालत नाही.

नंबर आणि मुदत मात्र चिपमधूनही वाचता येतात. ते घेऊन पट्टी बनवली तर? त्यासाठी चिपमधला पडताळणीचा आकडा मुद्दाम वेगळा ठेवतात. तो पट्टीवरून आला, की बँकेला नक्कल ओळखता येते. अर्थात, बँकेने तो तपासला तर.

[दृश्य: तेच कार्ड घासलं जातं. पडद्यावर सूचना: चिप वापरा.]

मशीनने 201 वाचला आणि घासलेलं कार्ड नाकारलं. चोर तो 101 करू शकतो, म्हणजे चिप नसलेलं कार्ड. पण पडताळणीचा आकडा नंबर, मुदत आणि सर्व्हिस कोड या तिन्हींवरून काढलेला असतो. कोड बदलला की हिशेब चुकतो. म्हणून चोर कोडला हात लावत नाही. तो नकली कार्डावरची चिपच बिघडवतो.

[दृश्य: मेलेली चिप असलेलं कार्ड खाचेत. चूक. पुन्हा चूक. तिसऱ्यांदा चूक. पडद्यावर: कार्ड घासा.]

हाच फॉलबॅक. चिपला वीज मिळाली, तरी तिचं उत्तर आलं नाही. बहुतेक मशीन तीनेक प्रयत्नांनंतर पट्टीचा रस्ता मोकळा करतात. चिप झिजलेली असो, मशीनची खाच मळलेली असो की कार्ड बनावट असो, मशीनला तिन्ही सारखेच दिसतात. चिपने उत्तर दिलं पण मशीनच्या ओळखीचं एकही कार्ड-अॅप्लिकेशन, म्हणजे व्यवहार चालवणारा प्रोग्राम, तिच्यात सापडलं नाही, तरी काही ठिकाणी ही वाट उघडते. चिपने स्वतः कार्ड बंद असल्याचं सांगितलं किंवा बँकेने व्यवहार नाकारला, तर मात्र घासायला सांगायचं नसतं.

[दृश्य: बँकेकडे जाणारा संदेश. एक आकडा ठळक होतो: 80.]

माहिती कशी वाचली, हेही संदेशात जातं. चिप असेल तर 05. साधी पट्टी असेल तर 90. चिप असूनही पट्टी घासली, तर अनेक कार्ड कंपन्यांच्या जाळ्यांत 80. म्हणजे आपण फॉलबॅकला हो म्हणतोय, हे बँकेला त्या क्षणी कळतं. तरीही अनेक बँका हो म्हणतात, कारण खऱ्या ग्राहकाची झिजलेली चिप अडू नये. आमच्या मते हा सौदा महाग आहे. झिजलेलं कार्ड बदलून देता येतं. पैसे गेले की ग्राहकाच्या वाट्याला तक्रारी आणि वाट पाहणं येतं.

[दृश्य: दोन स्लिपा शेजारी शेजारी.]

डावीकडची चिपची. तिच्यावर AID ही ओळ आहे, म्हणजे चिपमधल्या कार्ड-अॅप्लिकेशनची ओळख, पुढे A000 ने सुरू होणारा लांब कोड. उजवीकडची घासलेल्या कार्डाची, तिच्यावर ती ओळच नाही. मशीनने घासायला सांगितलं, तर आधी चिप पुसा, दुसरं मशीन मागा. तिथेही तेच झालं, तर बँकेकडून नवं कार्ड घ्या.

[दृश्य: पट्टी नसलेलं नवं कार्ड.]

मास्टरकार्डने 2021 मध्ये जाहीर केल्याप्रमाणे 2029 पासून त्यांच्या नव्या क्रेडिट आणि डेबिट कार्डांवर पट्टी नसेल, आणि 2033 पर्यंत जुनीही संपतील. तोवर फॉलबॅक बंद ठेवणं बँकांच्याच हातात आहे.