पहिला तास स्वस्त, सहावा महाग

श्रोतेहो, नमस्कार. जवळ कागद-पेन्सिल असेल तर घ्या, आज एक वक्र काढायचा आहे.

एका विद्यार्थिनीकडे कॉलेज, झोप, जेवण वगळून रोज सहा तास उरतात. त्यात अभ्यास करायचा किंवा अर्धवेळ नोकरी. सहाही तास अभ्यास केला तर तिला ८५ गुण मिळतात, असं धरू. एक तास नोकरीला दिला की ८३, दोन दिले की ७९, मग ७२, ६२, ४८ आणि सहाही तास नोकरी केली तर ३०. आडव्या अक्षावर कमाई, उभ्या अक्षावर गुण मांडा आणि हे सात बिंदू जोडा. बाहेरच्या बाजूला फुगलेली जी रेषा दिसते, तोच उत्पादन शक्यता वक्र.

ती फुगली कशामुळे? दर तासाचा मोबदला सारखाच आहे, पण त्यासाठी सोडावे लागणारे गुण सारखे नाहीत. नोकरीचा पहिला तास घेताना ती अभ्यासाचा सहावा तास सोडते. तोवर डोकं शिणलेलं असतं, म्हणून जातात फक्त दोन गुण. नोकरीचा सहावा तास मात्र अभ्यासाचा पहिला, ताजा तास खातो आणि तब्बल अठरा गुण नेतो. हे गमावलेले गुण म्हणजे त्या तासाचा संधी खर्च.

इथे सरासरी फसवते. तीन तास नोकरी केल्यावर एकूण तेरा गुण गेले, म्हणजे तासाला जेमतेम चार. मालक विचारतो, "आणखी एक तास थांबशील?" ती चारच गुण जातील असं समजून हो म्हणते, पण या चौथ्या तासाला दहा जातात. निर्णयाच्या वेळी पुढच्या तासाचीच किंमत पाहायची. भरलेली फी या हिशेबात धरू नये, कारण ती कोणताही पर्याय निवडला तरी परत येत नाही.

समजा ती दोन तास अभ्यास, दोन तास नोकरी करते आणि दोन तास नको असताना फोनवर जातात. गुण ६२, कमाई दोन तासांची. हा बिंदू वक्राच्या आत पडतो. तिथून कमाईला हात न लावता ती ७९ गुणांपर्यंत जाऊ शकते. मनापासून हवी असलेली विश्रांती मात्र वाया गेलेला वेळ नव्हे. तिच्यासाठी तिसरा अक्ष लागेल, आणि तो आपल्या कागदावर मावत नाही.

आता मोबदला वाढला तर? वक्राचं कमाईकडचं टोक बाहेर सरकतं, ८५ गुणांचं टोक जागच्या जागी राहतं. नोकरीच्या पहिल्या तासाला अजूनही दोनच गुण जातात. पण अभ्यासाच्या प्रत्येक तासाचा संधी खर्च वाढलेला असतो, कारण तो तास अभ्यासाला दिला की आता पूर्वीपेक्षा जास्त पैसे सुटतात.