एका उकाराची साक्ष

श्रोतेहो, नमस्कार. मी अरबीतून मराठीत आणि इंग्रजीत कागदपत्रांचं भाषांतर करते. आज एका वाक्याबद्दल बोलायचं आहे. आखातात काम करणाऱ्या एका माणसाच्या तक्रारीच्या कागदावर ते होतं. त्या वेळी मी या कामात नवीन होते. कंपनीने त्या माणसाची बदली केली होती, तो नव्या जागी हजर झाला नाही, आणि म्हणून त्याचा पगार कापला गेला. कागदावरचं वाक्य चार शब्दांचं: लम हा नकाराचा शब्द, मग य-ब-ल-ग़, मग अल-आमिल म्हणजे कामगार, आणि शेवटी बिल-क़रार म्हणजे 'निर्णयाविषयी'. मी लिहिलं, "कामगाराने निर्णय कळवला नाही." कचेरीतल्या ज्येष्ठ भाषांतरकारांनी माझा कागद वाचला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "अगं, कामगाराने कळवला नाही, की कामगाराला कळवला नाही?" मूळ कागदावर दोन्हीसाठी अक्षरं तीच होती, पण त्या माणसाचा पगार या एका प्रश्नावर अडकलेला होता.

अक्षरं तीच कशी, ते आधी सांगते. अरबी क्रियापदाचा सांगाडा बहुधा तीन व्यंजनांचा असतो. क, त, ब म्हटलं की लिहिण्याशी संबंध आला. या व्यंजनांमध्ये स्वर भरले की रूप तयार होतं. तिन्ही अक्षरांना अकार दिला की कतब, म्हणजे 'त्याने लिहिलं'. उच्चारताना शेवटचा अ पूर्ण म्हणायचा. आता पहिल्या अक्षराला उकार द्या आणि शेवटून दुसऱ्याला इकार. झालं कुतिब, म्हणजे 'लिहिलं गेलं'. बाहेरून काही जोडलं नाही, 'गेलं'सारखं सहायक क्रियापद आलं नाही. नुसते आतले स्वर बदलले आणि लिहिणारा वाक्यातून निघून गेला. चालू काळातही पहिल्याला उकारच, फक्त शेवटून दुसऱ्याला इकाराऐवजी अकार. यक्तुबु म्हणजे 'तो लिहितो', युक्तबु म्हणजे 'लिहिलं जातं'. लांब क्रियापदांना हीच चाल लागू पडते. इस्तख़्दम म्हणजे 'वापरलं', उस्तुख़्दिम म्हणजे 'वापरलं गेलं'. सुरुवातीपासून उकार चालत येतात आणि शेवटून दुसऱ्या अक्षरावर इकार येऊन थांबतो.

आतला स्वर बदलून अर्थ फिरवणं आपल्याला परकं नाही. झाड पडलं, झाड पाडलं. दोरी तुटली, दोरी तोडली. पण इथे एक फरक नीट ध्यानात ठेवावा लागतो, कारण मराठी माणूस नेमका इथेच घसरतो. 'दोरी तुटली' म्हणताना तोडणारा कोणी होता असं आपण म्हणत नाही, ती आपसूक तुटली असेल. अरबीत त्यासाठी वेगळं रूप आहे, सुरुवातीला 'न' हे अक्षर जोडलेलं. कसर म्हणजे 'त्याने मोडलं' आणि इन्कसर म्हणजे 'मोडलं', आपोआप. कुसिर या दोन्हींहून निराळं: मोडणारा कोणीतरी होता, त्याचं नाव सांगितलेलं नाही. अरबी व्याकरणकार या रूपाला 'मब्नी लिल-मज्हूल' म्हणतात, अज्ञातासाठी रचलेलं. कर्ता आहे, फक्त अज्ञात आहे. म्हणून कुसिरचं भाषांतर 'मोडलं' केलं तर कोणाची तरी जबाबदारी आपण परस्पर पुसून टाकतो.

आता लिहिण्याकडे येऊ. अरबी लिपीत दीर्घ स्वरांना अक्षरं आहेत, ऱ्हस्व स्वरांना फक्त वर-खाली काढायच्या खुणा. उर्दू शिकलेल्या श्रोत्यांना त्या जबर, जेर, पेश या नावांनी माहीत असतील. कुराणात आणि मुलांच्या पुस्तकांत त्या छापलेल्या असतात. वर्तमानपत्रात, करारात, न्यायालयाच्या कागदात सहसा नसतात. तिथे कतब आणि कुतिब दोन्ही नुसते क-त-ब. त्यात भर म्हणजे कुतुब हा 'पुस्तकं' या अर्थाचा शब्दही क-त-बच.

काही क्रियापदं मात्र दया करतात. ज्यांच्या सांगाड्यात वाव किंवा या ही अक्षरं आहेत, ती कर्मणी झाली की पुष्कळदा कागदावर दिसतात. क़ाल म्हणजे 'तो म्हणाला', त्याचं क़ील म्हणजे 'म्हटलं गेलं'. मधला अलिफ, म्हणजे आ-चं अक्षर, जाऊन 'या' हे ई-चं अक्षर येतं. यजिदु म्हणजे 'त्याला सापडतं', आणि यूजदु म्हणजे 'सापडतं, असतं'. इथे वाव हे ऊ-चं अक्षर उगवतं. आखातात राहिलेल्यांनी 'ला यूजद' ऐकलं असेल, 'नाही, मिळत नाही' या अर्थी. ते कर्मणी रूप आहे. आणि विशेषण झालं की हे रूप उघडच होतं, कारण त्यात म आणि लांब ऊ येतो. हे तर आपण रोज बोलतो: मजकूर, मंजूर, मशहूर. ज़कर म्हणजे उल्लेख केला, मज़्कूर म्हणजे उल्लेखलेलं. आपल्या जुन्या कागदांत 'मौजे मजकूर' येतं, म्हणजे वर सांगितलेलं गाव, ते याच अर्थाने. मजकूर या शब्दात कर्मणी डोळ्यांना दिसतं. साध्या क्रियापदात ते शोधावं लागतं.

कसं शोधायचं ते त्या वाक्यावरच दाखवते. य-ब-ल-ग़ या चार अक्षरांत किमान तीन वाचनं दडलेली आहेत. यब्लुग़ म्हणजे 'पोचतो'. युब्लिग़ म्हणजे 'कळवतो'. युब्लग़ म्हणजे 'कळवलं जातं'. लम आधी आला की हे सगळं भूतकाळातलं नकारार्थी होतं. पहिलं वाचन लगेच बाद होतं. पोचणं या अर्थी हे क्रियापद ठिकाण थेट घेतं, त्याला 'बि' हा शब्दयोगी लागत नाही, आणि आपल्या वाक्यात बिल-क़रार आहे. 'बि' आला म्हणजे कळवण्याचाच विषय.

कळवणे या क्रियापदाच्या मागण्या ठरलेल्या आहेत. एक कळवणारा, ज्याला कळवायचं तो एक, आणि जे कळवायचं त्याच्या आधी 'बि'. वाक्यात माणूस एकच, कामगार. तो कळवणारा धरला तर कुणाला कळवलं नाही ती जागा रिकामी राहते. मी घाईत तेच केलं होतं, आणि रिकामी जागा मला दिसली नाही. 'कामगाराने कळवलं नाही' हे मराठीत अर्धवट वाटत नाही, त्यामुळे कानाने मला सावध केलं नाही.

आता म्हणाल, कळवणारी कंपनी असेल आणि तिचं नाव क्रियापदात गृहीत असेल. "तिने कामगाराला कळवलं नाही." अरबीत असं चालतं, कर्ता आधी येऊन गेला असेल तर तो पुन्हा लिहीत नाहीत. इथे माझ्या वरिष्ठांनी पेन्सिलीने क्रियापदाच्या पहिल्या अक्षराभोवती गोल काढला. य. कंपनी म्हणजे शरिका, हा शब्द अरबीत स्त्रीलिंगी. कंपनीने कळवलं नसतं तर क्रियापद त ने सुरू झालं असतं, लम तुब्लिग़. इथे य आहे, म्हणजे क्रियापद पुल्लिंगी कशाशी तरी बांधलेलं आहे, आणि 'बि' न लागलेलं पुल्लिंगी नाम आसपास 'कामगार' हेच. कर्मणीत कर्मच कर्त्याच्या जागी बसतं आणि क्रियापद त्याचं लिंग घेतं. म्हणजे वाचायचं लम युब्लग़. कामगाराला निर्णय कळवण्यात आला नाही.

'कळवण्यात आला नाही' ही सरकारी मराठी मला एरवी रुक्ष वाटते, पण इथे तिच्याइतकं नेमकं दुसरं काही नाही. मी उत्साहाच्या भरात दुसऱ्यांदा लिहिलं होतं, "कंपनीने कामगाराला कळवलं नाही." तेही खोडलं गेलं. कोणी कळवलं नाही ते मूळ कागद सांगत नाही, तर भाषांतरानेही सांगायचं नाही. ते ठरवणं न्यायाधीशाचं काम.

कागदावर शब्द निराळे असते तर आणखी एक खूण हाती आली असती. एकट्या कामगाराऐवजी अनेक अभियंते असते, तर मुहन्दिसून की मुहन्दिसीन हे अक्षरांतच दिसलं असतं. ऊन म्हणजे प्रथमेत, कर्त्याच्या जागी. ईन म्हणजे या जागी कर्म. लम, य-ब-ल-ग़, आणि पुढे मुहन्दिसीन असं आलं तर ते अभियंते कर्म आहेत, म्हणजे इथे क्रियापद कर्तरी, कळवणारा दुसरा कोणी. मुहन्दिसून आलं तर कर्मणीची शक्यता उभी राहते. अनिश्चित एकवचनात शेवटी जादा अलिफ दिसला तर तोही बहुधा कर्माचा असतो. क़-त-ल, पुढे रजुलन, शेवटी अलिफ: 'त्याने एका माणसाला ठार मारलं'. अलिफ नसेल आणि पुढे दुसरं कोणी येत नसेल तर 'एक माणूस मारला गेला'. इतक्या मोठ्या फरकाची जोखीम नको म्हणून वर्तमानपत्रं पुष्कळदा अशा शब्दावर नेमका एकच पेश, म्हणजे उकाराची खूण, छापतात, पहिल्या अक्षरावर. सगळ्या ओळीत खूण ती एकटीच. अरबी बातमी वाचताना असा एकाकी पेश दिसला की ते क्रियापद कर्मणी आहे असं बहुतेक वेळा खुशाल धरावं.

पण प्रत्येक वेळी पुरावा एकाच बाजूला झुकत नाही. कुराणाच्या तिसऱ्या अध्यायातलं १४६ वं वचन पाहा. कित्येक पैगंबर होऊन गेले, त्यांच्याबरोबर पुष्कळ ईश्वरभक्त, आणि मग क्रियापद. जुन्या हस्तलिखितांत ते नुसतं क़-त-ल. तिथे मधला अलिफ लिहीत नसत. आज आपल्याकडे प्रचलित असलेल्या, हफ्स नावाच्या जुन्या पठणकाराच्या पाठात ते क़ातल आहे, 'लढले'. मोरोक्को, अल्जीरियाकडे चालणाऱ्या, वर्श या दुसऱ्या पठणकाराच्या पाठात ते क़ुतिल आहे, 'मारले गेले'. संदर्भ दोन्ही वाचनांना जागा देतो, व्याकरणही देतं. आणि मारले गेले ते भक्त की पैगंबर, यावरही जुन्या भाष्यकारांनी दोन्ही अर्थ नोंदवले आहेत. परंपरेने यातला एक पाठ खोडला नाही. मोरोक्कोच्या रबातमध्ये मुलं आजही क़ुतिल पाठ करतात आणि कैरोत क़ातल.