हळू म्हणजे सोपं नव्हे

नमस्कार मंडळी. आत्ता येताना दारातच एकानं विचारलं, मॅडम जर्मनसाठी पॉडकास्ट कुठला ऐकू. नाव सांगून टाकणं सोपं असतंय हो, पण जर्मनची बी१ म्हणजे मधली पातळी झालेल्या दोघांना एकच पॉडकास्ट वेगवेगळ्या कारणानं अवघड जातो आणि ते कारण माहीत नसेल तर तुम्ही चुकीचाच निवडणार.

माझ्या क्लासचा एक मुलगा, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे, इचलकरंजीवरनं रोज जातो. जाता-येता बसमध्ये दोन बर्लिनकरांच्या गप्पांचा पॉडकास्ट लावायचा. तीन महिने ऐकला आणि म्हणाला, मॅडम, अजून सगळं खळखळ पाण्यासारखंच जातंय. मग आम्ही बसून त्यातलं फक्त एक मिनिट घेतलं. आधी न थांबता ऐकलं, मग थांबवत थांबवत, कळेल तसं त्यानं वहीत लिहिलं आणि शेवटी छापील मजकूर समोर ठेवला. साधारण १३० शब्द होते. त्यातले खरंच माहीत नसलेले किती, तर ६. पण वहीत जवळजवळ निम्मा मजकूर गायब! म्हणजे शब्द होते त्याच्याकडं, फक्त कानाला ओळखू आले नाहीत.

असं का होतंय ते कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. आपण म्हणतो ‘काय करायलाईस?’ पुस्तकात मराठी शिकलेल्या माणसाला ‘काय करायला लागला आहेस’ मधला प्रत्येक शब्द येतो, तरी तो बघतच बसतो की नाही? जर्मन लोक तेच करतात. पुस्तकातलं ‘हाबन वीर’ तोंडात ‘हामवा’ होतं, ‘हास्ट डू’चं ‘हास्टं’. आणि काहीजण स्पीड ०.७५ वर टाकतात, त्यानं विचार करायला वेळ मिळतो हे खरं, पण ‘हामवा’चं ‘हाबन वीर’ होत नाही, ते लांबट ‘हाऽमवा’च राहतं.

आता उलटी केस. त्याच बॅचमधली एक मुलगी डॉइचे वेले, म्हणजे डीडब्ल्यू, या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या ऐकायची, ‘लांगझाम गेश्प्रॉखने नाखरिश्टन’. हळू आहे म्हणजे सोपं असणार असं तिला वाटलं. तिचीही तीच टेस्ट घेतली तर १०० शब्दांत १८ अनोळखी. उच्चार स्वच्छ होता, नवखे शब्दसुद्धा कानाला येतील तसे तिनं बरोबर लिहिले होते, पण अर्थसंकल्प, युती, निर्बंध असले शब्दच तिला येत नव्हते. डीडब्ल्यू स्वतःच त्या बातम्या बी२-सी१ साठी, म्हणजे बी१ च्या वरच्या पातळ्यांसाठी म्हणून देतं, ते कोण बघतंय! तिला मी त्यांचंच ‘टॉप-थेमा’ दिलं, ते बी१ साठी आहे, मजकूर आणि शब्दार्थ सोबत असतात.

माझा हिशेब ढोबळ आहे. १०० शब्दांत ५ पर्यंत अनोळखी असले तर चालतंय, १०-१२ च्या वर गेले की धागा सुटतो, मग विषय सोपा किंवा ओळखीचा घ्या. अनोळखी कमी आणि तरी ऐकू येत नसेल तर पॉडकास्ट तोच ठेवा, तुकडा छोटा करा. आणि मजकूर मिळत नसेल तर तो पॉडकास्ट या कामाला घेऊ नका, आपोआप तयार झालेल्या सबटायटलवर तर फार भरवसा नको, शब्द जिथं चिकटतात तिथंच ती बरेचदा चुकतात.

फाउंड्रीवाल्या मुलाला मी बसमधलं ऐकणं बंद करायला नाही सांगितलं. रात्री २० मिनिटं, दोन मिनिटांचा एकच तुकडा. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं आणि मराठीत दोन वाक्यांत सांगायचं काय चाललंय. मग जिथं अडलं तीच चार-पाच वाक्यं लिहून काढायची. मग मजकूर बघून, येत असूनही न ऐकू आलेल्या शब्दांना लाल गोल. शेवटी मजकूर झाकून परत ऐकायचं, तेव्हा लाल गोलातले शब्द कानाला लागले पाहिजेत, नाही लागले तर तेवढंच वाक्य तोंडानं त्यांच्यासारखं चिकटवून म्हणायचं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये तोच तुकडा. मग तिथं अर्धं लक्ष असलं तरी चालतंय, कारण कानाला काय शोधायचं ते माहीत आहे.

वहीत पहिल्या आठवड्यात लाल गोल नुसते ‘हामवा’ टाइपचे होते. तिसऱ्या आठवड्यात ते कमी झाले आणि वेगळंच दिसायला लागलं, ‘इश रूफं दिश मॉर्गन नाख डेअर आर्बाइट आन’ यातलं शेवटचं ‘आन’ दर वेळी सुटायचं. क्रियापदाचा तुकडा वाक्याच्या शेपटाला, तोवर ह्याचं लक्ष पुढच्या वाक्यावर! ‘आन’ गेलं की फोन करण्याचा अर्थच जातो. आकडे मात्र त्याचे कधी चुकले नाहीत. जर्मन ५३ ला ‘तीन आणि पन्नास’ म्हणतात, आणि आपलं त्रेपन्न तरी काय वेगळं आहे?

आता तो शेपटासाठी वेगळी हिरवी पेन वापरतो. परवा वही दाखवली, दोन पानांत हिरवे गोल ९, लाल ४.