दुसऱ्याच्या नावाचा अंगठा: आरोपनिश्चितीचा एक हुकूम

श्रोतेहो, नमस्कार. खालच्या कोर्टात आरोप निश्चित झाले की दुसऱ्या दिवशी वाडीवर बातमी फिरते, 'अमका दोषी ठरला.' तसं काही झालेलं नसतं. मग त्या हुकमात असतं काय, ते आज आपण एका खटल्यावरून पाहू. खटला मी समजावून सांगण्यासाठी रचलेला आहे, पण आपल्या किनारपट्टीच्या कोर्टांत वकिली केलेल्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल.

खाडीकाठच्या एका गावात साठ गुंठ्यांची बाग आहे, हापूसची कलमं आणि वरच्या अंगाला काजू. मालकीण विधवा, वय झालेलं, मुलाकडे डोंबिवलीला राहणारी. २०१९ साली तिच्या हातात तलाठ्याची नोटीस पडली: आपली जमीन खरेदीखतानं विकली गेली असून फेरफार नोंदीस हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे. तिनं तर काहीच विकलं नव्हतं. मुलानं नकला काढल्या तेव्हा दोन दस्त हाती आले. पहिलं कुलमुखत्यारपत्र. त्यावर हिचं नाव, पण फोटो भलत्याच बाईचा. दुसरं त्यानंतर वीस दिवसांनी झालेलं खरेदीखत. त्यावर 'मालकिणीतर्फे मुखत्यार' म्हणून गावातल्याच एका जमीन-दलालाची सही. खरेदीदारानं अठरा लाख मोजले होते.

पोलिसांनी तपास करून २०२२ मध्ये दोषारोपपत्र दाखल केलं. आरोपी क्रमांक एक दलाल, क्रमांक दोन मालकीण म्हणून उभी राहिलेली बाई, आणि क्रमांक तीन 'या बाईंना मी ओळखतो' अशी सही करणारा ओळखदार. गुन्हा जुना, म्हणून कलमं भारतीय दंड संहितेची. दोषारोपपत्रही नवे फौजदारी कायदे लागू झाले त्या १ जुलै २०२४ च्या आधीचं, म्हणून कार्यपद्धती जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची. एक आणि तीन नंबरनी कलम २३९ खाली दोषमुक्तीचे अर्ज दिले. हा अर्ज म्हणजे, माझ्यावरचा आरोप निराधार आहे, मला साक्षीपुराव्यापर्यंत बसवून ठेवू नका, ही विनंती. (नव्या कायद्यात असा अर्ज दोषारोपपत्राच्या नकला मिळाल्यापासून साठ दिवसांत द्यावा लागतो. पूर्वी अशी मुदत नव्हती, आणि तारखा किती वर्षं पडत, ते आपल्याला ठाऊक आहेच.)

दंडाधिकाऱ्यांनी काय काय वाचलं, हे हुकमाच्या सुरुवातीलाच येतं. दोन्ही दस्तांच्या नकला. दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदवताना घेतलेला अंगठ्याचा ठसा, आणि तो दोन नंबरच्या बाईच्या ठशाशी जुळतो असा अंगुलीमुद्रा तज्ज्ञाचा अहवाल. त्या तारखेला खरी मालकीण मुंबईच्या रुग्णालयात दाखल होती, त्याचा केसपेपर. एक नंबरच्या बँक खात्याचा उतारा. खरेदीदाराचा जबाब, की 'बाईंना बँकेत जायला जमत नाही, चेक माझ्या नावे द्या' असं दलालानं सांगितलं. आणि दोन शेजाऱ्यांचे जबाब, ते कशासाठी ते पुढे येईल.

एक कागद मात्र वाचला गेला नाही. दलालानं अर्जासोबत एक झेरॉक्स जोडली होती. मालकिणीनं आधीच तोंडी संमती दिली आणि पन्नास हजार घेतले, अशी पावती. सर्वोच्च न्यायालयानं देवेंद्रनाथ पाढी प्रकरणात, २००४ साली, सांगितलंय की या टप्प्यावर कोर्टानं सरकार पक्षानं दाखल केलेली सामग्रीच पाहायची. आरोपीचा बचाव पुराव्याच्या वेळी. नाहीतर खटल्याआधीच एक छोटा खटला चालेल. पावती खोटी आहे असं हुकूम म्हणत नाही. ती मूळ कागदासह बचावात आणावी, एवढंच.

दलालाच्या वकिलांचा मुख्य मुद्दा तगडा होता, मला मनापासून आवडलेला. त्यांनी महंमद इब्राहिम विरुद्ध बिहार राज्य हा २००९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे केला. आपली नसलेली जमीन 'माझीच' म्हणून कोणी विकली, तर त्याला बनावट दस्त म्हणता येत नाही, कारण सही करणारा स्वतःच्याच नावानं सही करतो. सामाईक जमिनीत एका भावानं सगळा सातबारा विकला, तर ते याच निकालात बसतं, आणि अशा फिर्यादी आपल्याकडे ढिगानं होतात. पण दंडाधिकाऱ्यांनी त्याच निकालातली पुढची ओळ दाखवली. मालकानं अधिकार दिलेला नाही हे माहीत असून 'मालकाच्या अधिकारानं' सही केली, तर तो दस्त कलम ४६४ प्रमाणे खोटा दस्त होतो. दलालानं 'माझी जमीन' म्हटलंच नव्हतं. त्यानं 'बाईंतर्फे' सही केली होती. निकाल त्याच्या बाजूनं न जाता उलटला.

'हा दिवाणी वाद आहे, खरेदीखत रद्द करण्याचा दावा चालू आहे' या मुद्द्याला हुकमानं दोनच ओळी दिल्या. एकाच व्यवहारातून दावाही होतो आणि गुन्हाही.

ओळखदाराचं म्हणणं होतं, मला फसवलं, ती बाई मालकीण आहे असं सांगितलं म्हणून सही केली. इथे ते शेजाऱ्यांचे जबाब कामी आले. ओळखदाराचं घर मालकिणीच्या घराला लागून आहे, आणि गणपतीला ती गावी आली की त्याच्याकडे जेवायला असे. शिवाय खरेदीखताच्या दुसऱ्या दिवशी दलालाच्या खात्यातून त्याच्या खात्यात पंचवीस हजार गेलेले. ते उसने होते की मोबदला, हे उलटतपासणीत ठरेल. पण आरोप 'निराधार' म्हणायला जागा उरली नाही. कलम २४० ला एवढंच लागतं: गुन्हा केला असावा असं गृहीत धरण्यास आधार.

मग आरोप ठरले. पहिला, तिघांवर, फौजदारी कटाचा, कलम १२०-ब. दुसरा, दोन नंबरच्या बाईवर, तोतयेगिरी करून फसवणुकीचा, ४१९. तिसरा, मौल्यवान रोख्याची आणि फसवणुकीसाठी बनावटगिरी, ४६७ आणि ४६८: मुखत्यारपत्रापुरता बाईवर, खरेदीखतापुरता दलालावर, बाकीच्यांवर कटासह वाचून. चौथा, बनावट मुखत्यारपत्र खरं म्हणून वापरल्याचा, ४७१, दलालावर. पाचवा फसवणुकीचा, ४२०, दलालावर, बाकी दोघांवर कटासह.

या पाचव्यात कोर्टानं एक दुरुस्ती केली. सरकार पक्षाच्या मसुद्यात 'मालकिणीची फसवणूक' असं होतं. पण तिला कोणी भुलवून काही द्यायला लावलं नव्हतं, तिला तर पत्ताच नव्हता. भुलून अठरा लाख दिले खरेदीदारानं. फसलेला तो, म्हणून आरोपात नाव त्याचं. आरोपात वेळ, जागा आणि कोणाविरुद्ध गुन्हा घडला हे नेमकं लागतं, नाहीतर बचाव कशाचा करायचा हेच आरोपीला कळत नाही. अशी चूक पुढे लक्षात आली तरी निकालापूर्वी कलम २१६ खाली आरोप बदलता येतो. पण मग साक्षीदार पुन्हा बोलवावे लागू शकतात, आणि डोंबिवलीहून त्या वयात पुन्हा येणं म्हणजे काय ते सांगायला नको.

आरोप तिघांना मराठीत वाचून समजावले. तिघांनी 'गुन्हा कबूल नाही' सांगितलं, त्याखाली सह्या झाल्या, बाईचा अंगठा. दलाल या हुकमाविरुद्ध सत्र न्यायालयात नव्वद दिवसांत पुनरीक्षण अर्ज करू शकतो, पण तिथून स्थगिती आली नाही तर खटला थांबत नाही. पुढच्या तारखेला निबंधक कार्यालयाच्या कारकुनाला समन्स निघालंय, अंगठ्यांचं रजिस्टर सोबत घेऊन येण्याचं.