पन्नास स्लाइडचं व्याख्यान, पाच-सहा पानांच्या नोट्स

पडद्यावर मूत्रपिंडावरचं व्याख्यान उघडं आहे. स्लाइड आहेत ५०. त्या जशाच्या तशा उतरवून काढल्या, तर हात दुखेल आणि हाती लागेल ती फक्त दुसरी प्रत.

म्हणून आधी चाळणी. शीर्षकाची, अनुक्रमाची आणि ‘काही शंका?’ विचारणारी स्लाइड बाजूला. नेफ्रॉनचं, म्हणजे मूत्रपिंडातल्या गाळणी आणि नळी मिळून बनलेल्या सूक्ष्म घटकाचं, चित्र सलग सहा स्लाइडवर आहे, कारण वर्गात ते एकेक बाण वाढवत दाखवलं होतं. त्यातलं शेवटचं, पूर्ण चित्र तेवढं ठेवायचं.

आता पान आखू. डावीकडे अडीच इंचांचा समास, उजवीकडे सहा इंच, तळाशी दोन इंचांची चौकट. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी १९५०च्या दशकात बसवलेली ही मांडणी.

समास मात्र अजून कोराच राहू द्या. आधी उजवी बाजू. ग्लुकोजवर सात स्लाइड आहेत, त्यांचं मिळून एकच पान होतं, कारण त्या सातही एकाच प्रश्नाभोवती फिरतात. उजवीकडे उतरतं ते एवढं: गाळणीतून ग्लुकोज पाण्याबरोबर सहज खाली येतं. गाळणीनंतरच्या नळीच्या पहिल्या भागातली, म्हणजे प्रॉक्सिमल ट्यूब्यूलमधली, वाहक प्रथिनं ते सगळं परत रक्तात घेतात. पण वाहक मोजकेच असतात. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरच्या वर गेली, की काही वाहक अपुरे पडू लागतात आणि उरलेलं ग्लुकोज लघवीत उतरतं. जाताना पाणीही ओढून नेतं. प्रत्येक ओळीपुढे स्लाइडचा क्रमांक बारीक अक्षरात.

आता समास. बहुतेक जण इथे ‘ग्लुकोजचं पुनर्शोषण’ असं लिहून मोकळे होतात. ते झालं शीर्षक. ते वाचून डोक्याला काहीच काम पडत नाही, उलट सगळं येतंय असा भास होतो. त्याऐवजी लिहा: ‘निरोगी माणसाच्या लघवीत साखर का नसते?’ आणि खाली, ‘मधुमेहात लघवी वाढते, ती कशामुळे?’ उजवी बाजू कागदाने झाकून पाहा. उत्तर एका शब्दात किंवा नुसत्या ‘हो’वर संपत असेल, तर प्रश्न बदला.

तळाची चौकट भरताना स्लाइड बंद. दोन-तीन वाक्यं, स्वतःच्या शब्दांत: वाहकांची क्षमता मर्यादित आहे, ती ओलांडली की साखर आणि तिच्यामागे पाणी बाहेर पडतं. इथे पेन थांबलं, तर बहुधा त्या पानावर दोन विषय कोंबले गेलेत. पान तोडून दोन करावं.

आलेख मात्र शब्दांत उतरवायच्या भानगडीत पडू नये. ग्लुकोजचा आलेख हातानेच काढावा, रेघ जिथे वळते तिथे समासात विचारावं, ‘इथे काय संपलं?’

दुसऱ्या दिवशी उजवी बाजू झाकून फक्त समास वाचायचा आणि उत्तरं मोठ्याने सांगायची. अडलं, तर ओळीपुढचा क्रमांक पाहून तेवढीच स्लाइड उघडायची.