जुन्या ट्रॅक्टरची किंमत कशी काढायची?

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो. पाच-सहा वर्षं वापरलेला ट्रॅक्टर विकायचा म्हटलं, की घरात पहिला प्रश्न असतो, "आपल्याला किती पडला होता?" कुणीतरी जुनी पावती शोधून आणतं, त्यातून अंदाजे काहीतरी वजा होतं आणि एक आकडा ठरतो. घेणारा मात्र ती पावती कधीच विचारत नाही. तो एवढंच बघतो, की असाच कोरा ट्रॅक्टर आज शोरूममधून केवढ्याला मिळतो आणि त्यापेक्षा हा जुना किती स्वस्त पडतो. म्हणून किंमत काढायची सुरुवात आजच्या कोऱ्या किमतीपासून करावी.

याचं ताजं उदाहरण घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. ज्या ट्रॅक्टरची करासकट किंमत ७ लाख २८ हजार होती, तो ६ लाख ८२ हजार ५०० ला मिळू लागला. साडेपंचेचाळीस हजारांचा फरक पडला. त्या दिवशी तुमच्या अंगणातल्या ट्रॅक्टरचा एक बोल्टही झिजला नव्हता, तरी त्याची किंमत उतरली, कारण घेणाऱ्याला समोर कोराच स्वस्त दिसत होता. म्हणून विकायच्या आधी जवळच्या दोन डीलरकडे जा आणि त्याच मॉडेलचा आजचा, सूट वजा केलेला, खरा भाव विचारून घ्या.

आता हेच उदाहरण पुढे नेऊ. पंचेचाळीस एचपीच्या आसपासचा ट्रॅक्टर आहे, वय सहा वर्षं. कोऱ्याची किंमत ६ लाख ८२ हजार, डीलर थोडी सूट देतो, म्हणजे ६ लाख ६० हजार धरू. पहिल्या वर्षाची घट सर्वांत मोठी असते. शोरूममधून बाहेर पडून नाव लागलं की ट्रॅक्टर 'जुना' झाला. तिथे वीस टक्के सोडा. उरले ५ लाख २८ हजार. पुढची पाच वर्षं, चांगली मागणी असलेल्या मॉडेलला मी दर वर्षी उरलेल्या रकमेवर आठ टक्के घट धरतो. हिशेब येतो साधारण ३ लाख ४८ हजार. मागणी कमी असलेल्या मॉडेलला मी वर्षाला बारा टक्के धरतो. मग तोच आकडा २ लाख ७९ हजारांच्या आसपास येतो. वय तेच, ताकद तीच आणि जवळजवळ सत्तर हजारांचं अंतर. हे टक्के कुठल्या सरकारी तक्त्यातले नाहीत, बाजार बघून ठरवलेला तो माझा अंदाज आहे. तुमच्या तालुक्यात गेल्या दोन-तीन महिन्यांत प्रत्यक्ष व्यवहार झालेले तीन-चार ट्रॅक्टर विचारून हे टक्के पडताळून घ्या. जाहिरातीतला आकडा हा मागितलेला भाव असतो. सौदा त्याच्या खालीच होतो.

हे सत्तर हजार कशाने पडतात किंवा वाचतात, ते आता बघू.

सर्वांत आधी येते आपल्या भागातली कामं. सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढायच्या असतात. तिथे पन्नास एचपीच्या पुढचा, वजनदार ट्रॅक्टर हातोहात जातो. नाशिकच्या द्राक्षबागेत किंवा सोलापूरच्या डाळिंबात दोन ओळींमधून जाणारा वीस-पंचवीस एचपीचा बुटका, अरुंद ट्रॅक्टर लागतो, आणि त्यात फोर व्हील ड्राईव्ह असेल तर भाव आणखी टिकतो, कारण फवारणीचा भरलेला ब्लोअर ओल्या जमिनीत ओढायचा असतो. हाच बुटका ट्रॅक्टर कोरडवाहू पट्ट्यात नांगरटीसाठी कुणी घेणार नाही. म्हणून मॉडेलची किंमत राज्यभर सारखी नसते. विकताना, ज्या भागात त्या ट्रॅक्टरचं काम आहे तिथल्या घेणाऱ्यापर्यंत पोचलात तर भाड्याचा खर्च वजा जाऊनही पैसे वाढतात.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत वजनदार, ती म्हणजे गावातल्या मिस्त्रीला तो ट्रॅक्टर उघडता येतो का? महिंद्राचा ५७५, स्वराजचा ७४४ किंवा ८५५, मॅसीचा १०३५, ही नावं जुन्या बाजारात का चालतात? ही मॉडेलं वर्षानुवर्षं चालत आली. मूळ रचना फारशी हलली नाही. त्यामुळे तालुक्याच्या दुकानात त्यांचे फिल्टर, क्लच प्लेट, पिस्टन-लायनर मांडणीवरच असतात आणि ते काम केलेले हात दर गावात सापडतात. घेणारा जुना ट्रॅक्टर घेतो तेव्हा पुढच्या दुरुस्तीचा खर्चही मनात धरतो. ऐन पेरणीत ट्रॅक्टर बसला आणि सुटा भाग पुण्याहून यायला आठवडा लागला, तर नुकसान त्या भागाच्या किमतीच्या कितीतरी पट होतं. ही भीती तो तुमच्या भावातून कापतो.

एचएमटीचं उदाहरण याच जातीचं आहे. त्यांची इंजिनं मजबूत म्हणून नावाजलेली. झेटरच्या परवान्याखाली सुरुवात झालेले ते ट्रॅक्टर आजही काही शेतांत चालताना दिसतात. पण २०१६ साली केंद्र सरकारने तो ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय घेतला. कारखाना थांबला की डीलर पांगतात आणि भाग मिळणं नशिबावर जातं. इंजिनात दोष नसतानाही भाव खाली जातो. म्हणून कोरा ट्रॅक्टर घेतानाच, या कंपनीचं दुकान पंधरा-वीस किलोमीटरवर आहे का आणि तिथे भागांचा साठा असतो का, हे बघून ठेवावं. विकायच्या दिवशी ते कामाला येतं.

याच्याशी जोडलेली एक नवी बाब आहे. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना प्रदूषणाचा ट्रेम चार हा नियम लागू झाला. त्यासाठी बहुतेक कंपन्यांनी साध्या डिझेल पंपाऐवजी संगणकावर चालणारी सीआरडीआय यंत्रणा आणली. कोऱ्याची किंमत वाढली आणि दुरुस्तीला कंपनीचं स्कॅनर लागू लागलं. परिणामी साध्या पंपाचे, २०२३ च्या आधीचे पन्नास-पंचावन्न एचपीचे चांगले ट्रॅक्टर शोधणारे गिऱ्हाईक तयार झाले. तुमच्याकडे तसा ट्रॅक्टर असेल तर घाईने सोडू नका. सीआरडीआयवाले मिस्त्री गावोगावी तयार झाले की ही ओढ कमी होईल, असं मला वाटतं.

पॉवर स्टिअरिंग आणि तेलातले ब्रेक, हे असले तर जास्त पैसे मिळतात असं नाही, पण नसले तर आता गिऱ्हाईक पाठ फिरवतं. म्युझिक सिस्टीम, छत, रंगीत दिवे, यांचा एक रुपया मिळत नाही. उलट नुकताच मारलेला चकचकीत रंग संशय वाढवतो. त्याखाली वेल्डिंग किंवा उलटलेल्या ट्रॅक्टरची खूण लपली असेल, असं घेणाऱ्याला वाटतं. मूळ फिका रंग असू द्या.

आता आपल्या ३ लाख ४८ हजारांच्या ट्रॅक्टरकडे परत येऊ. हा आकडा धडधाकट ट्रॅक्टरचा आहे. यातून स्थितीप्रमाणे वजाबाकी होते. आधी तासांचं मीटर बघा. घरच्या शेतात चालणारा ट्रॅक्टर वर्षाला पाच-सहाशे तास धरला, तर सहा वर्षांत तीन-साडेतीन हजार तास व्हायला हवेत. जुन्या काट्याच्या मीटरचं एक लक्षात ठेवा, ते घड्याळासारखं चालत नाही. इंजिन ठरलेल्या फेऱ्यांवर फिरतं तेव्हाच ते पूर्ण तास मोजतं, मंद चालीवर कमी मोजतं. आणि ते बदलताही येतं. त्यामुळे मीटरपेक्षा क्लचच्या पायट्यावरचं रबर, स्टिअरिंगची झीज आणि पुढच्या ॲक्सलची खुळखुळ जास्त खरं सांगतात. मीटर दोन हजार दाखवतंय आणि पायट्याचं लोखंड उघडं पडलंय, तर मीटरवर विसंबू नये.

इंजिनाची परीक्षा सकाळी, थंड असताना करावी. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन बरंच काही लपवतं. चालू करून तेलाच्या ब्रीदरवर हात धरा. तिथून जोरात धूर येत असेल तर रिंगा-लायनर संपत आलेत. धुराड्यातून सतत निळा धूर म्हणजे तेल जळतंय. डिपस्टिकचं तेल दुधाळ दिसलं तर पाणी तेलात मिसळतंय. यांपैकी काही निघालं तर इंजिनाच्या कामाचा पूर्ण खर्च मिस्त्रीकडून विचारून वजा करावा. त्यानंतर लिफ्टवर नांगर उचला आणि इंजिन बंद करा. थोड्या वेळात नांगर खाली बसत गेला, तर हायड्रॉलिकचे सील किंवा रिंग गेल्यात.

समजा आपल्या ट्रॅक्टरचं इंजिन ठीक आहे, लिफ्ट मात्र उतरते, त्याचे दहा हजार. मागचे टायर अर्धे झिजलेत, जोडीच्या किमतीतले वीस हजार. राहिले ३ लाख १८ हजार. शेतकऱ्याला थेट विकलात तर याच्या आसपास सौदा व्हावा. व्यापारी मात्र २ लाख ८०-८५ सांगेल, कारण त्याला ते दहा-वीस हजारांचं काम करून, ट्रॅक्टर महिना-दोन महिने उभा ठेवून वर नफा काढायचा असतो. तो फसवतोय असं समजू नका, पण घाई नसेल तर त्या आकड्याला हो म्हणू नका. रोटाव्हेटर, पेरणीयंत्र, ट्रॉली यांचा सौदा वेगळा ठेवा. एकत्र दिलं की त्यांचे पैसे ट्रॅक्टरच्या भावात विरघळतात. वेळ बघितली तर ऊसपट्ट्यात कारखाने सुरू होण्याआधी आणि कोरडवाहू भागात मे महिन्यात, मशागतीच्या आधी गिऱ्हाईक जास्त असतं.

कागद अपुरे असतील तर वरचा सगळा हिशेब कोसळतो. कर्ज फिटलं असेल तर बँकेकडून ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा आधी उतरवा. अनुदानावर घेतला असेल, तर हमीपत्रात विक्रीला किती वर्षांची बंदी आहे ते वाचा. आणि पैसे मिळाले की फॉर्म २९ व ३० वर सह्या करून ट्रॅक्टर हवाली करून मोकळं होऊ नका. घेणाऱ्याच्या नावावर आरसी चढली का, ते परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर बघा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलं आहे, की नोंद ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याने मालक. विकलेल्या ट्रॅक्टरने सहा महिन्यांनी अपघात केला आणि नाव तुमचंच असलं, तर भरपाईचा दावा तुमच्यावर येऊ शकतो. म्हणून थोडी रक्कम नाव चढेपर्यंत राखून ठेवायची अट घेणाऱ्याने घातली तर मान्य करा, आणि हस्तांतराचा अर्ज परिवहन कार्यालयात दोघांनी मिळून त्याच आठवड्यात भरा.